तुरीच्या फवारणीचा मराठी कागद : प्रकल्प नोंदी

6 ऑक्टोबर

काम ठरलं. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांसाठी तुरीच्या एका औषधाचं लेबल मराठीत, मोठ्या अक्षरात, एका कागदावर आणायचं. औसा तालुक्यातली ही गावं. सोयाबीन निघालंय, तूर फुलावर यायला लागलीय आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी पहिली पाकिटं दुकानातून घरी पोहोचायला लागलीत.

औषध निवडलं इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के एस.जी. हे पाण्यात विरघळणारे दाणे असतात. इथं सगळ्यात जास्त हेच खपतं, निरनिराळ्या कंपन्यांच्या नावाखाली. म्हणून कागदावर कंपनीचं नाव नाही, फक्त औषधाचं नाव आणि टक्का. टक्का वेगळा असेल किंवा सोबत दुसरं औषध मिसळलेलं असेल तर हा कागद चालणार नाही, हे अगदी वर ठळक लिहायचं. इमामेक्टिनचे 1.9 टक्क्यांचे द्रवरूप औषधही बाजारात मिळतं. त्याचा हिशोब पूर्ण वेगळा.

पाकिटात घडी घातलेलं माहितीपत्रक येतं, बऱ्याचदा त्यात मराठीही असतं. पण अक्षर मुंगीएवढं, आणि फवारणाऱ्याच्या हातात ते पत्रक येतच नाही. पाकीट फोडलं की ते बांधावर उडून जातं.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली लेबलावरचा मजकूर नोंदणी समिती मंजूर करते. त्यात कमी-जास्त करायचा अधिकार आम्हाला नाही. आमचा कागद म्हणजे लेबल नव्हे, लेबल समजून घ्यायची सोय. म्हणून कागदाचे दोन भाग. वरच्या चौकटीत फक्त लेबलावरचं, आकड्याला आकडा. खालच्या चौकटीत आमचा हिशोब, आणि त्यावर स्पष्ट लिहायचं की हा हिशोब लेबलावर छापलेला नाही.

7 ऑक्टोबर

लेबलावरची तुरीची ओळ अशी आहे. कीड : शेंगा पोखरणारी अळी. हेक्टरी सक्रिय घटक 11 ग्रॅम. हेक्टरी औषध 220 ग्रॅम. पाणी 500 ते 750 लिटर. शेवटची फवारणी आणि काढणी यांत 14 दिवस.

कापसाची ओळ निराळी. तिथं औषध हेक्टरी 190 ते 220 ग्रॅम, पाणी 500 लिटर आणि थांबायचे दिवस 10. आमच्या बऱ्याच सभासदांकडे दोन्ही पिकं आहेत. दोन्ही ओळी एकाच कागदावर दिल्या तर कापसाचे 10 दिवस तुरीला लागतील, याची मला खात्री आहे. म्हणून एका कागदावर एकच पीक.

9 ऑक्टोबर

चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात आधीपासून फिरत असलेला एक कागद मिळाला. कुणी लिहिला ते माहीत नाही, पण लोकांनी घरात खुंटीला अडकवून ठेवलाय. त्यावर लिहिलंय : ‘इमामेक्टिन, 15 लिटर पंपाला 11 ग्रॅम.’

हा 11 कुठून आला ते लेबल शेजारी ठेवल्यावर लगेच दिसतं. तो सक्रिय घटकाचा रकाना आहे. पाकिटातल्या दाण्यांत खरं औषध 5 टक्केच असतं, बाकीचं भराव. 220 ग्रॅम दाण्यांचे 5 टक्के म्हणजे 11 ग्रॅम, आणि तेही अख्ख्या हेक्टरला. हेक्टरचा शुद्ध घटकाचा आकडा उचलून पंपाला लावलाय, आणि तो पंपाला पटण्याजोगा वाटतो हाच घोळ आहे. तिथं 220 लिहिलं असतं तर कुणालाही खटकलं असतं.

नुकसान किती? 500 लिटर पाण्यात 220 ग्रॅम म्हणजे लिटरला 0.44 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 6.6 ग्रॅम. 11 ग्रॅम टाकले तर मात्रा पावणेदोन पटीच्या जवळ जाते. एकराला साधारण 13 पंप पडले तर 88 च्या जागी 145 ग्रॅमच्या आसपास औषध पडतं. पैसा तर जातोच, पण 14 दिवसांचा हिशोब ज्या मात्रेवर बांधलाय ती मात्राच उरत नाही.

निर्णय : सक्रिय घटकाचा रकाना शेताच्या कागदावर घ्यायचा नाही. संपूर्ण भाषांतराची प्रत कार्यालयात राहील, तिथं तो असेल.

10 ऑक्टोबर

आता दुसरा सापळा, आणि हा जास्त फसवा आहे. कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात हीच मात्रा 10 लिटर पाण्याला 4.4 ग्रॅम अशी दिलेली असते. ती बरोबर आहे : लिटरला 0.44, 10 लिटरला 4.4. पण शेतात 10 लिटरचा पंप कुणाकडेच नाही. लोक 4.4 लक्षात ठेवतात आणि 15 च्या किंवा 20 च्या पंपात तेवढंच टाकतात.

गंमत अशी की 15 लिटरला 4.4 ग्रॅम हेही एका परिस्थितीत बरोबर ठरतं. लेबलाने पाणी 750 लिटरपर्यंत सांगितलंय. तेवढं पाणी घेतलं तर लिटरला 0.29 ग्रॅम आणि 15 च्या पंपाला नेमके 4.4 ग्रॅम येतात. फक्त तेव्हा एकराला 20 पंप मारावे लागतात. कुणी 4.4 ग्रॅम टाकून 13 पंपांतच एकर संपवला, तर त्याने एकरी 57 ग्रॅमच औषध दिलं. मग अळी मरत नाही, आणि आठ दिवसांनी तो माणूस दुकानात जाऊन ‘भारी’ औषध मागतो.

म्हणजे पंपाला किती ग्रॅम, हा प्रश्न एकटा सोडवता येत नाही. लेबलाची मात्रा जमिनीला आहे. पाणी ती मात्रा झाडावर पोहोचवतं, एवढंच त्याचं काम. पाणी कमी-जास्त झालं तरी हेक्टरी 220 ग्रॅम हलत नाहीत. पंपाचा आकडा त्या दोन्हींवरून निघतो, आणि इथली सगळी तोंडी परंपरा पंपावरून सुरू होते : ‘पंपाला एक झाकण’, ‘पंपाला एक चमचा’. दाणेदार औषधाला झाकणाचं माप लागू पडत नाही, ही आणखी वेगळी गोष्ट.

13 ऑक्टोबर

हिशोब जमिनीवरून उलटा करून पाहिला. आपल्याकडे कुणी हेक्टरात बोलत नाही, एकर आणि गुंठ्यात बोलतात. एकराचे 40 गुंठे, आणि हेक्टर म्हणजे 2.47 एकर, साधारण अडीच. अडीच धरलं तर एकरी 88 ग्रॅम आणि 200 लिटर पाणी. नेमक्या 2.47 ने भागलं तर 89 ग्रॅम. फरक सव्वा टक्क्याच्या आतला, तोही कमीच्या बाजूला, म्हणून चालेल.

पण पाकीट 100 ग्रॅमचं येतं. एकर करणारा माणूस अख्खं पाकीट टाकतो, कारण 12 ग्रॅम उरवून करायचं काय? घरात मोजायचा काटा नाही, आणि असला तरी तो स्वयंपाकघरातला किंवा किराणा दुकानातला. त्यावर विष मोजायला सांगणारा कागद मी लिहिणार नाही. आम्ही कंपनीत सुटं करून द्यावं तर तेही नाही. मूळ पाकीट फोडून कीटकनाशक सुटं विकणं नियमात बसत नाही, आणि सुट्या पुडीवर लेबल नसतं.

तेव्हा प्रश्न असा मांडला : 100 ग्रॅमचं अख्खं पाकीट किती जमिनीला पुरतं? 100 भागिले 88 म्हणजे 1.136 एकर, म्हणजे 45 गुंठे. तेवढ्यावर पाणी किती? एकराला 200 लिटर म्हणजे गुंठ्याला 5 लिटर, 45 गुंठ्यांना 225 लिटर. 15 लिटरचा पंप असेल तर बरोबर 15 पंप, आणि एक पंप तीन गुंठ्यांना.

उलट तपासणी केली. 45 गुंठ्यांवर 100 ग्रॅम म्हणजे एकरी 88.9 ग्रॅम. त्याला 2.471 ने गुणलं की हेक्टरी 219.6 ग्रॅम. लेबलाच्या 220 च्या वर जात नाही आणि फारसं खालीही राहत नाही. इतकं नीट बसेल असं वाटलं नव्हतं.

आता कागदाच्या खालच्या चौकटीतली पहिली ओळ हीच : 100 ग्रॅमचं एक पाकीट = 45 गुंठे तूर. ग्रॅम मोजायचेच नाहीत, गुंठे मोजायचे. आणि गुंठे इथं प्रत्येकाला येतात.

15 ऑक्टोबर

पाकीट एकदम विरघळवून पंपात वाटून घ्यायची रीत लिहिली. लेबल सांगतं की औषध आधी थोड्या पाण्यात कालवायचं, मग उरलेलं पाणी घालायचं. त्याच चालीवर : बादलीत 15 लिटर पाणी मोजून घ्यायचं, त्यातल्या थोड्या पाण्यात पाकीट काठीने ढवळून विरघळवायचं, मग बाकीचं पाणी मिसळायचं. प्रत्येक पंपात आधी अर्धं साधं पाणी, मग हे द्रावण 1 लिटर, मग खुणेपर्यंत पाणी. दर वेळी लिटर काढण्याआधी बादली पुन्हा ढवळायची. द्रावण त्याच दिवशी, त्याच फवारणीत संपवायचं.

लिटरचं माप आणि बादली या कामालाच ठेवायची. लिटरचं माप म्हणून लोक पाण्याची प्लास्टिक बाटली घेतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ती बाटली नंतर पुन्हा पाणी प्यायला जाते, हेही माहीत आहे. म्हणून कागदावर लिहिलं : दांड्याचा मग घ्या, पाण्याची किंवा शीतपेयाची बाटली घेऊ नका.

17 ऑक्टोबर

एका सभासद मामांच्या शेतावर गेले. अडीच एकर तूर, छातीला लागणारी, ओळी दाट. मामांना विचारलं, एकरी किती पंप पडतेत?

‘बारा-तेरा पडतेत. दाट असली तर पंधरा.’

‘पंप केवढ्याचा?’

‘पंधराचा.’

बॅटरीचा पंप होता. एक लिटरच्या मापाने साधं पाणी भरत गेलो. मामा एकेक माप ओततायत, मी मोजतेय. पंधरावं माप पडलं तरी पाणी गळ्याच्या खाली. सोळावं गेलं तेव्हा पाणी गाळणीला लागलं. पंपावर 16 असं उठावात लिहिलेलंही होतं, पण ते पट्ट्याखाली. मामा म्हणाले, ‘आजपर्यंत पंधरा म्हणूनच मारलंय की.’

मग तोच पंप साध्या पाण्याने भरून, नेहमीच्या चालीने, नेहमीच्या नोझलने मामांनी फवारला. संपला तिथं काठी रोवली आणि टेपने मोजलं. जागा भरली साडेतीन गुंठे. म्हणजे गुंठ्याला साडेचार लिटर, हेक्टरी 450 च्या आसपास. लेबलाच्या किमान पाण्याला थोडं कमी. चाल किंचित हळू केली आणि झाडाच्या दोन्ही अंगांनी मारलं, तर पुढचा पंप तीन गुंठ्यांच्या थोडं पुढे संपला. 16 लिटरला 3.2 गुंठे यायला हवे होते, तेवढेच आले.

या चाचणीला औषध लागत नाही, फक्त एक पंप पाणी. तरी ती कुणीच करत नाही, कारण पाणी वाहून आणावं लागतं.

18 ऑक्टोबर

कालच्या 16 लिटरच्या पंपामुळे कागदाचा तक्ता वाढला. 15 लिटरचा पंप : बादलीत 15 लिटर द्रावण, 15 पंप. 16 लिटरचा : बादलीत 14 लिटर, 14 पंप. 20 लिटरचा : बादलीत 11 लिटर, 11 पंप. तिन्हींत प्रत्येक पंपाला 1 लिटर द्रावण, आणि जमीन 45 गुंठेच.

20 चा पंप नेमका बसत नाही. 225 ला 20 ने भागलं तर सव्वाअकरा येतात. 11 घेतले तर पाणी 220 लिटर, द्रावण किंचित दाट. पण जमीन 45 गुंठेच ठेवली असल्याने एकरी औषध तेवढंच पडतं, फक्त एक पंप चार गुंठ्यांच्या थोडा पुढे न्यायचा. पंपावरून सुरुवात केली असती तर इथं पुन्हा मात्रा सरकली असती.

ज्यांची तूर डोक्याच्या वर गेलीय त्यांच्यासाठी 750 लिटरची ओळ वेगळी दिली : गुंठ्याला साडेसात लिटर, 15 चा पंप दोन गुंठ्यांना, पाकिटाला साडेबावीस पंप. पाकीट तेच, गुंठे तेच 45.

पेट्रोलच्या पॉवर पंपाची ओळ मुद्दाम घेतली नाही. ‘पॉवर स्प्रेला मात्रा तिप्पट’ असं वाक्य सल्ल्यांत असतं. त्याचा अर्थ त्या पंपात पाणी कमी लागतं म्हणून पंपाला औषध जास्त घ्यायचं, असा आहे. लोक मात्र एकराला तिप्पट करतात. आणि आमच्या हातातल्या लेबलावर तुरीसाठी 500 लिटरच्या खालचं पाणीच दिलेलं नाही. जे लेबलावर नाही ते वरच्या चौकटीत येणार नाही, आणि खालच्या चौकटीतही मी ते रेटणार नाही.

21 ऑक्टोबर

दुकानदार दादांना कच्चा कागद दाखवला. त्यांचा पहिला प्रश्न : ‘टॉनिक किती घालायचं ते कुठं लिहिलंय?’ फवारणीत 19:19:19, ह्युमिक, बुरशीनाशक, सगळं एकाच पंपात जातं इथं. लेबल मिश्रणाबद्दल गप्प आहे. कागदावर एवढंच लिहिलं : ‘इतर औषध किंवा खत सोबत मिसळण्याचं प्रमाण लेबलावर दिलेलं नाही.’ दादांना ते फारसं आवडलं नाही. आवडणारही नव्हतं.

24 ऑक्टोबर

सुरक्षेच्या सूचना. इथं माझ्या आधीच्या मसुद्यांची एकेक ओळ तपासत गेले आणि एक नियम धरला : लेबलाने जिथं मनाई केलीय तिथं ‘शक्यतो’, ‘टाळावे’, ‘काळजी घ्यावी’ हे शब्द नाहीत. ‘फवारताना खाऊ, पिऊ, तंबाखू चघळू किंवा विडी ओढू नका.’ तंबाखूचं नाव मुद्दाम घातलं. लेबलावर ‘काहीही चघळू नका’ आहे, आणि आपल्याकडे चघळणं म्हणजे तंबाखूच. चुना मळायला हातमोजा काढला की बाकी सगळं फुकट.

‘वाऱ्याच्या दिशेने फवारा’ ही ओळ जशीच्या तशी ठेवली तर दोन माणसं दोन अर्थ काढतात. एकाने तर वाऱ्याकडे तोंड करून दाखवलं. आता ओळ अशी : ‘वारा पाठीवर घ्या. फवारा अंगावर येत असेल तर थांबा.’

संरक्षक कपडे ‘मिसळताना आणि फवारताना’ दोन्ही वेळा घालायचे असं लेबल म्हणतं. यातलं ‘मिसळताना’ गळून जातं, आणि तेच जास्त महत्त्वाचं, कारण बादलीतलं द्रावण पंपातल्यापेक्षा पंधरापट दाट असतं. आमच्याकडे पंप पुरुषाच्या पाठीवर असतो. पाणी आणणं आणि औषध कालवणं घरातल्या बाईकडे असतं, उघड्या हाताने, साडीच्या पदराने तोंड झाकून. म्हणून चित्रात बादलीजवळ बाई काढायला सांगितली, हातमोजे, मुखपट्टी आणि चष्मा घातलेली. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीत विषबाधा होऊन माणसं दगावली. ते इथं सगळ्यांना आठवतं, पण पंपवाल्यांचं म्हणून आठवतं.

त्रिकोणाचा रंग कागदावर छापत नाही, कारण पाकिटावरचा त्रिकोण प्रत्येकाने स्वतः पाहायला हवा. फक्त वाचायचा कसा ते दिलं : लाल आणि पिवळ्यावर ‘विष’ लिहिलेलं असतं, लालवर कवटी-हाडंही असतात, निळ्यावर ‘धोका’, हिरव्यावर ‘सावधान’. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे ‘चालतंय’ असा समज आहे. हिरव्यावरही मुलांपासून दूर ठेवायची ताकीद आहेच.

27 ऑक्टोबर

प्रथमोपचाराच्या ओळी. दुसऱ्या एका औषधाचा जुना मराठी कागद साचा म्हणून समोर ठेवला होता. त्यात ‘उतारा : ॲट्रोपिन’ असं होतं. तो कागद क्विनॉलफॉसचा, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातला. त्या गटाला ॲट्रोपिन चालतं, पण इमामेक्टिन वेगळ्या गटातलं आहे आणि त्याला खास उतारा नाही. लक्षणं पाहून उपचार करतात. साचा तसाच खाली ओढला असता तर चुकीचं औषध कागदावर छापलं गेलं असतं, तेही सगळ्यात ठळक अक्षरात. उलटी करवायची की नाही, हेही प्रत्येक औषधाला वेगळं असतं. म्हणून प्रथमोपचाराचा भाग कुठल्याही साच्यातून घ्यायचा नाही, त्याच पाकिटाच्या पत्रकावरून घ्यायचा, हे टीममधल्या सगळ्यांना सांगितलं.

कागदाच्या तळाला चौकट : ‘त्रास वाटला तर फवारणी थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा, दवाखान्यात जा. पाकीट सोबत न्या.’ शेवटची ओळ ठळक आहे, कारण डॉक्टरांना ‘अळीचं औषध’ एवढंच सांगून काहीच कळत नाही.

मधमाशा आणि मासे यांच्यासाठी हे औषध विषारी आहे. तूर फुलावर असताना दिवसात ज्या वेळी मधमाशा येतात, त्या वेळी फवारू नका, हे लिहिलं. पंप विहिरीवर, ओढ्यात धुऊ नका, हेही. रिकामं पाकीट फाडून वस्तीपासून, पाण्यापासून दूर पुरा.

3 नोव्हेंबर

वाचून घेतलं. ‘समजलं का’ विचारलं की सगळे हो म्हणतात, म्हणून तसं विचारलंच नाही. पंप मारणाऱ्या एका पोराला कागद दिला आणि म्हटलं, ‘तुझ्या मालकाची तूर 30 गुंठे आहे. पाकीट कसं वापरशील?’

त्याने थोडा वेळ कागद पाहिला. ‘दहा पंप. बादलीतलं दहा लिटर घेतो. पाच लिटर उरंल.’

उत्तर बरोबर. पण उरलेल्या पाच लिटरचं काय, याचं उत्तर कागदावर नव्हतं. ते ठेवायचं नाही हे आधीच लिहिलंय. मग करायचं काय? दोन पर्याय जमण्यासारखे आहेत : शेजारच्या बांधाशी आधीच ठरवून त्याच्या 15 गुंठ्यांना मारणं, किंवा दुकानातून लहान पाकीट घेणं. लहान आकाराची पाकिटं बाजारात येतात. ओळ वाढवली : ‘आधी गुंठे मोजा, मग पाकीट घ्या.’

6 नोव्हेंबर

14 दिवसांची ओळ पुन्हा लिहिली. पहिल्या मसुद्यात ‘प्रतीक्षा कालावधी 14 दिवस’ होतं. दोन वाचकांनी त्याचा अर्थ ‘14 दिवसांनी दुसरी फवारणी’ असा घेतला. आता तारीख भरायची जागा ठेवलीय : ‘शेवटची फवारणी : ____ . त्यात 14 मिळवा : ____ . या तारखेच्या आधी शेंग तोडू नका.’ 10 नोव्हेंबरला मारलं तर 24 नोव्हेंबर.

काढणी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर डिसेंबरातली वाळलेली तूर येते, आणि तिथं 14 दिवस आपोआप निघून जातात. खरा प्रश्न ओल्या शेंगांचा आहे. नोव्हेंबरात पोरं तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडतात, बाया सोल्यांच्या आमटीसाठी ओटीभर तोडतात, आणि थोड्या बाजारालाही जातात. तोडलेली शेंग म्हणजे काढणीच. कागदावर आता ‘ओल्या शेंगासुद्धा’ असं आहे, आणि बांधावर लावायला एक चिठ्ठी वेगळी केलीय, फक्त तारखेची.

8 नोव्हेंबर

छपाईला दिलं. प्लास्टिक चढवलेला कागद, वरच्या चौकटीत लेबल, खालच्या चौकटीत हिशोब. छापण्याआधी दोघींनी मिळून मूळ पाकीट हातात धरून आकडे मोठ्याने वाचले : एक जण लेबलावरून, दुसरी कागदावरून. 220, 500 ते 750, 14. अंक देवनागरी, आणि ‘ग्रॅम’, ‘मिली’, ‘लिटर’ पूर्ण लिहिलेले; नुसतं ‘ग्रॅ.’ किंवा ‘मि.’ नाही.

12 नोव्हेंबर

पुढचा कागद हरभऱ्याचा, घाटेअळीसाठी, हेच औषध. लेबलावर हेक्टरी 220 ग्रॅम, पाणी 500 लिटर, 14 दिवस. पाकिटाचे 45 गुंठे तसेच लागू होतात. पण हरभरा गुडघ्याच्या खाली, तिथं एक पंप जास्त जागा खातो, म्हणून साध्या पाण्याची चाचणी पुन्हा करावी लागेल. आणि तारखेच्या चिठ्ठीवर शेंगेऐवजी दोन गोष्टी लिहायच्या : भाजीला खुडायचे शेंडे आणि ढाळे. शेंडे खुडणाऱ्या बाया बहुतेक दुसऱ्याच्या रानात असतात, त्यांना फवारणीची तारीख कोण सांगणार, यावर गुरुवारच्या बैठकीत बोलायचं.